एकोणचाळीस की एकेचाळीस? पूरसूचनेचा आवाज बसवताना

मी मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दाखले, कर पावत्या, ऑनलाइन नोंदी हे माझं रोजचं काम. यंदा त्यात एक भर पडली: पुराच्या दिवसांत गावच्या भोंग्यावरून जाणारी सूचना संगणकाच्या आवाजात तयार करायची. मे महिन्यात सुरुवात केली आणि जुलैत काम पूर्ण झालं. मधल्या दोन महिन्यांत मला हवं ते मराठीत लिहिलेलं कुठं सापडलं नाही, म्हणून हे लिहीत आहे.

१२ मे रोजी मान्सूनपूर्व बैठक झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्या वेळी आमचे शिपाई आप्पा रात्र रात्र माइकवर बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. आधी ध्वनिमुद्रित करून ठेवावं, तर पातळीचा आकडा दर काही तासांनी बदलतो. सरपंच म्हणाल्या, "ताई, मोबाइल वाचून दाखवतो तसा आवाज भोंग्यावर नाही का लावता येणार?" भाऊसाहेबांनी ठरावात ओळ घातली आणि काम माझ्याकडं आलं.

आधी परवानगीचं सांगते, कारण वेळ तिथंच जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणं भोंग्याला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवायचा असतो. सार्वजनिक आपत्तीला त्यातून सूट आहे. ही सूट खऱ्या आपत्तीसाठी आहे, चाचणीसाठी नाही. आमचा पहिला अर्ज त्याच कारणानं परत आला, त्यात चाचणीची तारीख आणि वेळ लिहिलेली नव्हती. दुसऱ्या अर्जाला ठरावाची प्रत, दोन्ही भोंग्यांच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. पोलीस ठाण्याचं परवानगीचं पत्र हातात यायला ११ दिवस लागले. तुम्ही करणार असाल तर चाचणीसाठी तीन वेगवेगळे दिवस एकाच अर्जात मागून घ्या. एका दिवसात हे काम होत नाही.

पत्राची वाट बघत होते तेवढ्यात घरी लॅपटॉपवर सुरुवात केली. मजकुराचा आवाज करून देणाऱ्या ऑनलाइन सेवांपैकी मराठी आवाज असलेली एक घेतली. नोंदणीला बँकेचं कार्ड लागतं. माझ्याच कार्डावर २ रुपये कापून परत आले. सगळ्या चाचण्या धरूनही मी महिन्याच्या मोफत मर्यादेबाहेर गेले नाही, त्यामुळं आवाजासाठी एक रुपयाही गेला नाही. पैसे गेले ते भोंग्याच्या वायरीवर, ६४० रुपये.

नियंत्रण कक्षाकडून व्हॉट्सअॅपवर येतो तसाच संदेश मी आधी चिकटवला. त्यात फूट आणि इंच अवतरण चिन्हांनी लिहिलेले असतात, `39'06"` असे. आवाज तिथं अडखळला आणि फूट-इंच हे शब्द गाळूनच पुढं गेला. म्हणून पहिली दुरुस्ती साधी होती: आकडा अक्षरी लिहायचा आणि एकक पूर्ण लिहायचं. हे केल्याशिवाय पुढच्या कशालाच हात लावू नका.

साधा मजकूर आवाजाला काय वाचायचं ते सांगतो, कसं वाचायचं ते सांगत नाही. त्यासाठी एसएसएमएल नावाची खूणलिपी आहे. ती डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं ठरवलेली आहे, पहिली आवृत्ती २००४ ची आणि १.१ ही २०१० ची. मला त्यातल्या तीनच खुणांची गरज होती. `break` म्हणजे विराम, `prosody` मधला `rate` म्हणजे वेग आणि `emphasis` म्हणजे जोर. सगळा मजकूर `speak` या खुणेच्या आत बसवायचा. काही सेवांना त्याच्या आत कोणता आवाज हवा ते सांगणारी `voice` खूणही लागते.

पहिली संध्याकाळ एका चुकीतच गेली. मी मजकूर फोनवर टाइप करून लॅपटॉपवर घेतला होता आणि फोननं सरळ अवतरण चिन्हांच्या जागी वळणदार चिन्हं घातली होती. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण सेवा फक्त "मजकूर अवैध" एवढंच सांगते. शेवटी एक उपाय सापडला: फाइलचं नाव `.xml` करून ती ब्राउझरमध्ये उघडायची. चूक कितव्या ओळीवर आहे ते ब्राउझर दाखवतो. `break` च्या शेवटची तिरकी रेघ विसरली असेल, तर तीही अशीच सापडते.

मग वेग. भोंग्यावरचं बोलणं सावकाश हवं, म्हणून मी `rate="85%"` लिहिलं. आवाज सावकाश व्हायच्या ऐवजी सुसाट सुटला. १.१ च्या नियमाप्रमाणं ८५ टक्के म्हणजे मूळ वेगाच्या ०.८५ पट. पण काही सेवा टक्केवारीचा अर्थ "मूळ वेगात एवढी भर" असा घेतात, म्हणजे त्यांच्या लेखी ते १.८५ पट होतं. कानावर विसंबायची गरज नाही, फाइलची लांबी बघा. माझी मूळ फाइल २० सेकंदांची होती. ०.८५ पट वेगानं ती साडेतेवीसच्या आसपास यायला हवी होती, आली ११ सेकंदांची. २० ला १.८५ ने भागलं की जवळजवळ ११ येतात, आणि घोळ काय झाला ते तिथंच कळतं. माझ्या सेवेत `rate="-15%"` असं वजा चिन्हासह लिहायचं होतं.

वेग किती उतरवावा, तर मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच थोडा. मी हावरटासारखी उणे ४० पर्यंत गेले. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, हे आजारी माणूस बोलल्यासारखं वाटतंय. घाबरतील लोक." त्यांचं बरोबर होतं. वेग फार उतरवला की स्वर ताणले जातात, व्यंजनं पुसट होतात, आणि भोंग्यावर शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळंच. उणे १० वर मी थांबले, आकड्यापुरतं उणे २०. बाकीचा सावकाशपणा विरामांतून आणायचं ठरवलं.

३ जूनला पहिली चाचणी झाली, दुपारी ४ वाजता. सूचनेत मुद्दाम ३९ फूट ठेवलं, कारण इशारा पातळीच्या अलीकडचा आकडा तोच. गावात १२ घरांत आधी कागद देऊन ठेवले होते: ऐकू आलेला आकडा लिहा, एवढंच. संध्याकाळी कागद गोळा केले. पाच जणांनी ३९ लिहिलं होतं, चौघांनी ४१, आणि तिघांनी नुसतं ४०.

मी रात्री बराच वेळ ते कागद घेऊन बसले. एकोणचाळीस आणि एकेचाळीस. सुरुवात "एक"सारखी, शेवट "चाळीस", फरक फक्त मधल्या एका तुकड्यात. आणि त्या दोघांच्या बरोबर मध्ये इशारा पातळी. ३९ ऐकणारा माणूस घरात सामान उचलून ठेवतो, ४१ ऐकणारा गोठ्याकडं पळतो. उलट झालं तर त्याहून वाईट. आपल्या भाषेत हे प्रत्येक दशकाला आहे, एकोणतीस आणि एकतीस, एकोणपन्नास आणि एक्कावन्न. घरात ऐकताना काही अडत नाही, भोंग्यावर अडतं.

पण तीच फाइल लॅपटॉपवर सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होती. म्हणजे दोष नुसता आवाजाचा नव्हता. आमच्याकडं दोन भोंगे आहेत, एक ग्रामपंचायतीवर आणि एक देवळाच्या शिखराजवळ. फोनच्या नकाशावर त्यांतलं अंतर २८० मीटर आलं. वायरीतून आवाज दोन्हीकडं एकाच क्षणी पोचतो, हवेतून मात्र सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ग्रामपंचायतीजवळ उभं राहिलं की देवळावरचा आवाज ०.८ सेकंद उशिरा येतो. खात्री करायला आप्पांना माइकवर पेनानं टकटक करायला सांगितलं, ती फोनवर मुद्रित केली आणि ऑडॅसिटी या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. प्रत्येक टकटकीमागं ०.८ सेकंदांवर दुसरी, बुटकी टकटक उभी होती. दोन्ही भोंग्यांपासून सारख्या अंतरावरच्या घरांत हा त्रास नव्हता, आणि ३९ लिहिणारे बहुतेक तिथलेच होते.

इथून पुढं विरामांचं गणित मला समजलं. मी विराम ठेवले होते २५० मिलिसेकंदांचे, कानाला नीट वाटतील असे. गावात मात्र त्या विरामात आधीच्या शब्दांचा मागे राहिलेला आवाज भरून येत होता आणि पुढच्या शब्दावरही सांडत होता. विराम ०.८ सेकंदांहून मोठा केला, की मागचा आवाज त्या शांततेतच संपतो. त्यातून आणखी एक गोष्ट होते: विरामाच्या आधीचे शेवटचे ०.८ सेकंद लोकांना दुसऱ्यांदा ऐकू येतात, आणि या वेळी एकटे, काहीही न मिसळता. म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा शब्द विरामाच्या लगेच आधी यायला हवा.

आता माझ्या सूचनेत विरामाच्या आधी काय होतं? "एकोणचाळीस फूट". त्यातले शेवटचे ०.८ सेकंद म्हणजे "चाळीस फूट". विराम नुसता वाढवला असता, तर गावाला स्वच्छ ऐकू गेलं असतं ते नेमकं तेवढंच. ज्या तिघांनी ४० लिहिलं, त्यांना त्या गोंधळातूनही बहुधा तेवढाच शेवट कळला होता.

जोराची खूण इथं उपयोगी पडेल असं वाटलं. आकड्याभोवती `<emphasis level="strong">` घातलं, पण ऐकून काही फरक कळेना. खूण घातलेली आणि न घातलेली अशा दोन फाइली केल्या. लांबी तीच, ऑडॅसिटीत चित्रही तेच. ही खूण सगळे आवाज पाळतातच असं नाही. न पाळणारा आवाज चूकही दाखवत नाही, खूण गुपचूप सोडून पुढं जातो. म्हणून जोर लागला की नाही हे अशी जोडी करूनच तपासा, नाहीतर आपल्याच कानाला तो भास होतो.

खुणेवाचून जोर आणायचा तर मराठीत दोन वाटा आहेत, आणि दोन्ही आपण रोज वापरतो. एक "च", दुसरी शब्दांची जागा. "आज जनावरं हलवा" आणि "जनावरं आजच हलवा" यांतलं दुसरं वाक्य कोणताही आवाज बऱ्यापैकी नीट म्हणतो, कारण जोर वाक्यातच बसलेला आहे. शिवाय "आजच हलवा" हे विरामाच्या आधी येतं, म्हणजे ते एकटं ऐकू जाणार. मी सगळ्या सूचना अशा पालटून घेतल्या.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. मला "बेचाळीस फुटांपर्यंत" यातला फक्त आकडा आणि "फुटां" सावकाश हवा होता, म्हणून खूण "पर्यंत"च्या आधी बंद केली. आवाजानं "फुटां" आणि "पर्यंत" असे दोन शब्द केले, मध्ये श्वास घेतल्यासारखी फट. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटलेली असतात, त्यामुळं खूण शब्दाच्या मध्ये कधी तोडायची नाही, अख्खा शब्द आत घ्यायचा. तसंच स्वल्पविराम आणि `break` शेजारी ठेवले तर माझ्या आवाजात दोन्ही थांबे एकामागे एक लागत होते. मी स्वल्पविराम काढून टाकले. `break` ला `strength="strong"` अशी शब्दांतली ताकदही देता येते, पण तिचा कालावधी प्रत्येक आवाज आपापला ठरवतो. मला मिलिसेकंद मोजायचे होते, म्हणून सगळीकडं `time`.

उरला होता एकोणचाळीसचा प्रश्न. त्याचं उत्तर आप्पांनी दिलं, आणि तेही सहज. मोबाइल नंबर सांगताना ते कधी "एकोणचाळीस" म्हणत नाहीत, "तीन नऊ" म्हणतात. आकडा एकदा पूर्ण म्हणायचा आणि मग सुटे अंक, प्रत्येक अंकामागं विराम. "तीन" आणि "चार" यांत कोणी गोंधळत नाही. प्रत्येक अंक ०.८ सेकंदांहून छोटा, त्यामुळं तो अख्खाच्या अख्खा दुसऱ्यांदा, एकटा ऐकू येतो. शेवटी मजकूर असा उतरला:

```xml
<speak version="1.0"
 xmlns="http://www.w3.org/2001/10/synthesis"
 xml:lang="mr-IN">
<prosody rate="-10%">ग्रामपंचायत सूचना</prosody>
<break time="1500ms"/>
<prosody rate="-10%">आयर्विन पुलापाशी पाणी</prosody>
<break time="1000ms"/>
<prosody rate="-20%">एकोणचाळीस फूट</prosody>
<break time="1200ms"/>
<prosody rate="-20%">तीन</prosody>
<break time="1000ms"/>
<prosody rate="-20%">नऊ</prosody>
<break time="1500ms"/>
<prosody rate="-10%">जनावरं आजच हलवा</prosody>
<break time="1500ms"/>
</speak>
```

वेगाची खूण दुसऱ्या वेगाच्या खुणेच्या पोटात घातलेली नाही, कारण दोन टक्केवाऱ्यांची गोळाबेरीज कशी होईल हे आवाजावर अवलंबून राहतं. "ग्रामपंचायत सूचना" हे शब्द मुद्दाम पहिले आहेत. आमचा अॅम्प्लिफायर सुरू होताना पहिला अर्धा सेकंद गिळतो, तेव्हा गिळायचंच तर ते गिळावं. शेवटचा विरामही तेवढ्यासाठीच आहे, नाहीतर "हलवा"चा "वा" तुटत होता.

सेवा मजकुराची अक्षरं मोजून पैसे लावते, आणि पुष्कळ ठिकाणी खुणांची अक्षरंही त्यात धरली जातात. आमच्याएवढ्या वापराला फरक पडत नाही, पण तासातासाच्या सूचना काढणाऱ्यांनी आपल्या सेवेची पद्धत वाचून घ्यावी.

१७ जूनला दुसरी चाचणी घेतली. तीच १२ घरं, तेच कागद, पण आकडा ४१ ठेवला आणि कोणाला सांगितला नाही. अकरा जणांनी ४१ लिहिलं. एका घरात कागद कोरा होता, आजी शेतात गेल्या होत्या. मला त्या अकरा कागदांचा जो आनंद झाला तो दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

तिसऱ्या चाचणीचा दिवस हातात होता, तो आम्ही वेगळ्याच कामाला लावला. भाऊसाहेबांनी विचारलं, "पुरात टॉवर बंद पडला तर ही तुझी सेवा कुठून चालणार?" मी याचा विचारच केला नव्हता. २०१९ ला वीजही गेली होती आणि फोनही. म्हणून सूचना आधीच करून ठेवायच्या ठरल्या. ३० फुटांपासून ५८ फुटांपर्यंत, सहा-सहा इंचांनी, म्हणजे ५७ फाइली. एक्सेलमध्ये एका रकान्यात अक्षरी आकडा, दुसऱ्यात सुटे अंक, आणि तिसऱ्यात सूत्रानं जोडलेला पूर्ण मजकूर. अर्ध्या फुटाच्या फाइलीत सुट्या अंकांनंतर विराम आणि मग "वर सहा इंच" एवढंच येतं. "साडेएकोणचाळीस" करून बघितलं होतं, पण तो शब्द भोंग्यावर अजिबात कळत नाही.

या ५७ फाइली करायला दोन संध्याकाळी लागल्या आणि ऐकून तपासायला तिसरी. तपासणी सोडू नका. माझ्या यादीत ४९ च्या ओळीला अक्षरी आकडा बरोबर होता आणि सुटे अंक "पाच नऊ" पडले होते. तिसऱ्या दिवशी भोंगा बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून, पेनड्राइव्हवरून, इंटरनेट बंद ठेवून सगळं चालतंय का ते बघितलं. फाइलींची नावं `3900.mp3`, `3906.mp3` अशी आहेत, म्हणजे आप्पांना अंधारातही संदेशातला आकडा बघून फाइल निवडता येते.

जुलैत एका पहाटे पावणेसहाला पहिल्यांदा खरी सूचना गेली, ३५ फुटांची. आपत्तीचं कलम आणि पोलीस ठाण्याचं पत्र दोन्ही फाइलीत होतं, कोणी विचारलं नाही. देवळामागच्या गल्लीतल्या काकू दूध घालायला आल्या होत्या. त्यांना मी विचारलं, काय ऐकलंत? म्हणाल्या, "तीन पाच. अजून वेळ हाय." आणि बादली उचलून गेल्या.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या गावच्या परिचालक ताईंचा फोन आला, त्यांनाही फाइली हव्या होत्या. मी पेनड्राइव्ह द्यायला निघाले आणि तेवढ्यात आठवलं, त्यांचे भोंगे शाळेवर आणि सोसायटीवर आहेत. अंतर विचारलं. ५०० मीटर, म्हणजे आवाज जवळजवळ दीड सेकंद उशिरा. माझे एक सेकंदाचे विराम तिथं पुरले नसते. एक्सेलच्या सूत्रातला `1000ms` बदलून `1700ms` केला, बाकीचे त्याच प्रमाणात वाढवले आणि ५७ फाइली नव्यानं काढल्या. त्यांच्या चाचणीचं पत्र अजून यायचं आहे.